बॉयलरवाले साहेब नेमके कोणत्या विषयाला होते? निमंत्रित तज्ज्ञांची विषयवार हजेरी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग सहकारी संस्थेत मी बरीच वर्षे प्रोसिडिंग लिहिले. चादर आणि टॉवेल विणणाऱ्यांची संस्था. समितीवर बहुतेक शहराच्या पूर्व भागातली तेलुगूभाषक मंडळी. सभेचे कामकाज मराठीत चालायचे, वाद रंगला की तेलुगूत. तो वाद लिहिताना मी कधी चुकलो नाही, हजेरी लिहिताना मात्र चुकलो, आणि तीही एकदाच नव्हे.

त्यातली सगळ्यात लाजिरवाणी चूक आधी सांगतो. रंगाई विभागाच्या एका विषयासाठी बाहेरून एक अभियंता बोलावला होता. हजेरी वही फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांनी आठव्या ओळीत सही केली. दोन दिवसांनी ठराव लिहायला बसलो तेव्हा सूचक कोण ते आठवत होते, अनुमोदक आठवेना. वही उघडली, एक नाव दिसले, ते लिहून टाकले. नाव निघाले अभियंत्याचे. संस्थेचा सभासदही नसलेल्या माणसाने आमच्या खरेदीला अनुमोदन दिले होते, आणि हे लेखापरीक्षकाने दाखवेपर्यंत कोणाच्याही लक्षात आले नव्हते. समितीने ते इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायमसुद्धा केले होते!

त्या दिवसापासून मी निमंत्रितांची हजेरी वेगळ्या कागदावर, विषयाच्या क्रमांकासह लिहू लागलो. ही पद्धत संचालक मंडळ, व्यवस्थापन समिती, खरेदी समिती, शाळेची समिती अशा कुठेही चालते. उदाहरण मात्र मी माझ्या ओळखीच्या सभेचेच घेतो.

आधी ठरवा: कोण कोण आहे

सभेच्या खोलीत बसलेल्या माणसांचे, नोंदीच्या दृष्टीने, तीन प्रकार पडतात. मताचा हक्क असलेले सदस्य हा पहिला. दुसरा प्रकार पदामुळे तिथे बसलेल्यांचा, म्हणजे आमच्यासारखे सचिव किंवा व्यवस्थापक. ते सभेत पूर्ण वेळ असतात, पण मोजणीत नसतात. तिसरा प्रकार निमंत्रितांचा. ते एखाद्या विषयापुरते येतात, माहिती देतात आणि जातात.

सहकारी संस्थांत सगळ्यात जास्त घोळ ‘तज्ज्ञ’ या शब्दाने होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये २०१३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ‘तज्ज्ञ संचालक’ हे पद आले. हा माणूस समितीवर स्वीकृत केलेला असतो. पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत त्याला मत नसते, तरी तो समितीचाच माणूस आहे आणि त्याची सही सदस्यांच्या वहीत होते. एका विषयासाठी बोलावलेला सनदी लेखापाल किंवा अभियंता कितीही मोठा तज्ज्ञ असला, तरी तो ‘तज्ज्ञ संचालक’ नव्हे. इतिवृत्तात नुसते ‘तज्ज्ञ उपस्थित’ असे लिहू नका. वाचणाऱ्याला दोघांतला कोण ते कळत नाही. मी बाहेरून आलेल्यासाठी नेहमी ‘निमंत्रित’ हाच शब्द वापरतो. तज्ज्ञ संचालकाला कोरममध्ये धरायचे का, हे तुमच्या उपविधीत पाहून समितीच्या यादीवर एकदाच लिहून ठेवा, म्हणजे दर सभेला त्यावर वाद होणार नाही.

हा भेद कागदी नाही. याच अधिनियमाच्या कलम ७३ प्रमाणे समितीच्या निर्णयांची जबाबदारी सदस्यांवर सामूहिक आणि व्यक्तिशः अशी दोन्ही प्रकारे येते. निमंत्रितावर ती येत नाही. म्हणून उद्या चौकशी लागली तर पहिला प्रश्न असतो की निर्णय झाला त्या क्षणी खोलीत कोण होते आणि त्यातले जबाबदार कोण.

कंपन्यांच्या संचालक मंडळांसाठी कंपनी सचिव संस्थेचा सचिवीय मानक क्रमांक १ आहे. त्यात इतिवृत्तात निमंत्रितांची नावे लिहायला सांगितले आहे, आणि विशिष्ट विषयापुरते आलेल्यांची नोंदही. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समित्यांसाठी २०१९ चे नियम आहेत. तिथेही समिती बाहेरच्या तज्ज्ञांना चर्चेत घेऊ शकते, पण त्यांना मत नसते. दोन्ही नियम सहकारी संस्थेला लागू नाहीत, पण नोंद कशी ठेवावी याचा चांगला नमुना म्हणून पाहायला हरकत नाही.

निमंत्रणपत्रातच विषय क्रमांक टाका

हजेरीचे अर्धे काम सभेच्या आठ दिवस आधी होते. निमंत्रिताला सगळा अजेंडा पाठवू नका. त्याच्या विषयाचे टिपण आणि एक छोटे पत्र पुरे. मी असे लिहीत असे:

> समितीच्या सभेतील विषय क्र. ३ (रंगाई विभागातील बॉयलर बदलणे) या विषयापुरते आपणास तांत्रिक माहिती देण्यासाठी निमंत्रित करण्यात येत आहे. अंदाजे वेळ दुपारी ४.४५. माहिती व प्रश्नोत्तरे झाल्यावर समिती आपल्या अनुपस्थितीत निर्णय घेईल.

शेवटचे वाक्य सगळ्यात उपयोगाचे. ते आधीच लिहून गेलेले असले की सभेत कोणाला ‘आता तुम्ही बाहेर बसा’ असे तोंडावर सांगावे लागत नाही. आमच्याकडे खरी अडचण भिडेची असते. तज्ज्ञ उठू लागला की कोणीतरी म्हणणारच, “बसा की साहेब, चहा येतोय.” तो बसतो, चहा येतो, तोवर ठराव मंजूर होतो, आणि बाहेरचा माणूस निर्णयाच्या वेळी खोलीत होता हे इतिवृत्तात कुठेच येत नाही. मी शेवटी चहाची सोय व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये केली. निम्मे प्रश्न तिथेच मिटले.

दोन वेगळे कागद

सदस्यांची हजेरी वही सदस्यांपुरतीच ठेवा. अध्यक्षांपासून शेवटच्या सदस्यापर्यंत सगळ्यांची नावे आधीच छापून किंवा लिहून ठेवा आणि समोर सहीचा रकाना द्या. कोऱ्या पानावर येईल तशी सही घेतली की आठव्या ओळीत अभियंता येतोच.

निमंत्रितांसाठी वेगळा तक्ता ठेवा. वरती सभेचा क्रमांक, दिनांक आणि ठिकाण. खाली नाव, कोणाच्या वतीने किंवा कोणत्या नात्याने आले, विषय क्रमांक, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, प्रत्यक्ष की फोनवर, आणि सही. एकच माणूस दोन विषयांना आला तर दोन ओळी करा. एका ओळीत ‘विषय २ व ५’ लिहिले की मधल्या दोन विषयांना तो कुठे होता, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सही बाहेर पडताना घ्या, आत येताना नाही. आत येताना घेतलेल्या सहीपुढे बाहेर गेल्याची वेळ कधीच भरली जात नाही, हा माझा अनुभव. हा तक्ता दाराजवळ बसणाऱ्या शिपायाकडे किंवा लिपिकाकडे असावा. इतिवृत्ताची टिपणे घेणाऱ्याकडे तो दिला तर त्याचे एका कामाकडे दुर्लक्ष होणारच.

सभा चालू असताना काय टिपायचे

प्रत्येक विषयासाठी मी टिपणवहीत तीनच वेळा लिहीत असे. विषय सुरू झाला ती वेळ, निमंत्रित बाहेर गेला ती वेळ, आणि निर्णय झाला ती वेळ. शेवटच्या वेळेपुढे त्या क्षणी खोलीत असलेल्या सदस्यांची संख्या लिहायची. बोटाने मोजून, अंदाजाने नाही.

कोणी फोन घ्यायला दोन मिनिटे बाहेर गेला तर त्याची नोंद करत बसू नका. निर्णयाच्या क्षणी तो नव्हता तरच लिहा. नाहीतर टिपणवही रेल्वेच्या वेळापत्रकासारखी होते आणि मुख्य गोष्ट त्यात हरवते. सदस्य एखाद्या विषयापुरता स्वतःहून बाहेर गेला असेल, उदाहरणार्थ पुरवठादार त्याचा नातेवाईक आहे म्हणून, तर मात्र कारणासह दोन्ही वेळा लिहा. त्याची सही दिवसाच्या हजेरीत आहे, पण त्या विषयाच्या मोजणीत तो नाही.

विषयांचा क्रम बदलला, आणि तज्ज्ञाला गाडी पकडायची असेल तर तो बदलतोच, तरी अजेंड्यावरचाच क्रमांक वापरा. दुसऱ्या क्रमाने घेतला तरी विषय ३ हा विषय ३ च राहतो. निमंत्रितांच्या तक्त्यात आणि इतिवृत्तात क्रमांक वेगवेगळे झाले तर दोन्ही कागद निरुपयोगी.

एक सभा, मिनिटामिनिटाने

आता पूर्ण उदाहरण. आकडे समजावण्यासाठी मांडले आहेत, पण अशा सभा मी पाहिलेल्या आहेत. समितीत १३ सदस्य, उपविधीप्रमाणे कोरम ७. सभेची वेळ ४.००. अजेंड्यावर सहा विषय: मागील इतिवृत्त, लेखापरीक्षणाचा दोषदुरुस्ती अहवाल, बॉयलर, सुताचे दर, थकबाकी वसुली आणि ऐनवेळचे विषय.

८ सदस्य जमल्यावर ४.१० ला सभा सुरू झाली आणि विषय १ पाच मिनिटांत संपला. अभियंत्यांना संध्याकाळच्या गाडीने पुण्याला परतायचे होते, म्हणून अध्यक्षांनी विषय ३ वर घेतला. ते ४.१५ ला आत आले. ४.२५ ला नववा सदस्य आला. माहिती आणि प्रश्न संपल्यावर ४.५० ला अभियंता बाहेर गेले. एका सदस्याचा पुतण्या बॉयलरचा विक्रेता होता. त्याने तसे सांगितले आणि तोही त्याच वेळी बाहेर गेला. उरले ८. मतदान झाले: बाजूने ६, विरोधात १, तटस्थ १.

५.०५ ला तो सदस्य परतला आणि विषय २ साठी सनदी लेखापाल आत आले. खोलीत पुन्हा ९ सदस्य. ५.२० ला दोन सदस्य निघून गेले, ५.२२ ला लेखापाल बाहेर पडले. ५.३० ला अहवाल एकमताने मंजूर झाला तेव्हा सदस्य बरोबर ७ होते. मग विषय ५ साठी वकिलांना फोन लावला, ते ५.३५ ते ५.४५ बोलले. ५.४८ ला आणखी एक सदस्य उठून गेला. उरले ६.

इथे सचिवाने हात वर करायचा असतो. सदस्यांच्या वहीत ९ सह्या आहेत, निमंत्रितांच्या तक्त्यात ३ नावे आहेत. सगळे एकाच पानावर असते तर पान १२ दाखवत असते आणि वसुलीचा ठराव बिनदिक्कत लिहिला गेला असता. पान म्हणते १२, खोलीत ६! कंपन्यांसाठीचा मानक याबाबत अगदी स्पष्ट आहे: कोरम फक्त सुरुवातीला असून चालत नाही, कामकाज चालू असेपर्यंत असावा लागतो. तुमच्या उपविधीत काय लिहिले आहे ते पाहा, आणि काही लिहिलेले नसेल तरी याच शिस्तीने चाला. या सभेत विषय ५ वर निर्णय घेतला नाही, ४ आणि ६ घेतलेच नाहीत आणि सभा तहकूब झाली.

| विषय | निमंत्रित | आत–बाहेर | निर्णयावेळी सदस्य | निकाल |
|---|---|---|---|---|
| १ | – | – | ८ | एकमताने |
| ३ | अभियंता | ४.१५–४.५० | ८ | ६ / १ / १ |
| २ | सनदी लेखापाल | ५.०५–५.२२ | ७ | एकमताने |
| ५ | वकील (फोनवर) | ५.३५–५.४५ | ६ | कोरम नाही, तहकूब |

फोनवर किंवा व्हिडिओवर असलेल्याची सही होत नाही. सहीच्या रकान्यात ‘फोनवर’ लिहून खाली फोन लावणाऱ्या लिपिकाची सही घ्या. आणि फोन खरोखर ठेवला गेला की नाही ते पाहा. स्पीकर चालू राहिला आणि थकबाकीदारांच्या नावांवरची चर्चा पलीकडे ऐकू गेली, असेही घडलेले आहे.

मोजणी संगणकाला करू द्या

ज्यांच्याकडे एक्सेल आहे त्यांनी सभेचा एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात नावे, दुसऱ्यात प्रकार: सदस्याला ‘स’, निमंत्रिताला ‘नि’. पुढे प्रत्येक विषयाला एक रकाना. निर्णयाच्या क्षणी खोलीत असलेल्यापुढे ‘ह’, फक्त माहिती किंवा चर्चेपुरता असलेल्यापुढे ‘च’, नसलेल्यापुढे रिकामे. वरच्या सभेत १३ सदस्य आणि ३ निमंत्रित, म्हणजे १६ ओळी होतात. खाली ही दोन सूत्रे घाला आणि उजवीकडे ओढा:

```
=COUNTIFS($B$2:$B$17,"स",C$2:C$17,"ह")
=COUNTIFS($B$2:$B$17,"नि",C$2:C$17,"ह")
```

पहिले सूत्र त्या विषयाच्या निर्णयावेळचे सदस्य मोजते. हा आकडा कोरमपेक्षा कमी असेल तर निर्णय लिहू नका. मतदान झाले असेल तर बाजूने, विरोधात आणि तटस्थ यांची बेरीज या आकड्याएवढीच आली पाहिजे. बेरीज एकाने जास्त आली तर बहुतेक वेळा निमंत्रिताचा हात मोजला गेलेला असतो. एकाने कमी आली तर कोणीतरी तटस्थ होता आणि तो टिपायचा राहिला.

दुसऱ्या सूत्राचे उत्तर शून्य यायला हवे. शून्य नसेल तर निमंत्रित निर्णयाच्या वेळी खोलीत होता. ते लपवू नका, इतिवृत्तात तसे लिहा. एक बारीक गोष्ट: ‘ह’ नंतर चुकून स्पेस पडली तर सूत्र ती ओळ सोडून देते आणि कोरम उगाचच कमी दिसतो. म्हणून त्या रकान्यांना निवडीची यादी लावा, हाताने टाइप करू नका.

इतिवृत्तात कसे लिहायचे

वरच्या भागात उपस्थित सदस्य, अनुपस्थित सदस्य, आणि मग वेगळ्या मथळ्याखाली ‘निमंत्रित (मताधिकार नाही)’. तिथे प्रत्येक नावापुढे विषय क्रमांक. एवढ्यावर थांबू नका, विषयाच्या मजकुरातही नोंद यायला हवी, कारण ठरावाचा उतारा बँकेला किंवा निबंधक कार्यालयाला जातो तेव्हा वरचे पान सोबत जात नाही. विषय ३ ची नोंद अशी होईल:

> विषय क्र. ३. या विषयापुरते निमंत्रित अभियंता दु. ४.१५ ते ४.५० उपस्थित होते. त्यांनी तीन पर्यायांची माहिती दिली व सदस्यांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. त्यानंतर ते सभागृहाबाहेर गेले. एक सदस्य हितसंबंधामुळे ४.५० ते ५.०५ या वेळेत सभागृहाबाहेर होते. उपस्थित ८ सदस्यांनी चर्चा करून ६ विरुद्ध १ मताने (१ तटस्थ) पुढील ठराव मंजूर केला.

प्रत्यक्षात इथे अभियंत्याचे आणि सदस्याचे नाव येईल. निमंत्रिताने दिलेली माहिती आणि समितीचे मत एकाच वाक्यात मिसळू नका. ‘अभियंत्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुसरा पर्याय घ्यावा असे ठरले’ या वाक्यात ठरवले कोणी ते कळतच नाही. सूचक आणि अनुमोदक लिहिताना फक्त सदस्यांची वही समोर ठेवा, निमंत्रितांचा तक्ता फाइलमध्येच राहू द्या. हा नियम मी कोणासाठी केला ते वर आलेच आहे.

मसुदा निमंत्रिताला दाखवायचा असेल तर त्याने दिलेल्या माहितीचा परिच्छेद तेवढा पाठवा. आकडा चुकला असेल तर तो सांगेल. ठराव पाठवू नका. एका सल्लागाराने ठरावाची भाषाच ‘सुधारून’ परत पाठवली होती आणि त्यात आम्ही न दिलेली हमी होती.

चूक सापडली तर

इतिवृत्त कायम होण्याआधी चूक दिसली तर चुकीच्या शब्दावर एक रेघ मारून वर बरोबर लिहा आणि बाजूला अध्यक्षांची छोटी सही घ्या. व्हाइटनर वापरू नका, लेखापरीक्षक पान उजेडात धरून पाहतात. कायम झाल्यावर दिसली तर जुन्या पानाला हात लावायचा नाही. पुढच्या सभेच्या विषय १ मध्ये लिहायचे की अमुक सभेच्या विषय ३ मध्ये अनुमोदक म्हणून निमंत्रिताचे नाव नजरचुकीने आले आहे, आणि पुढे अनुमोदन खरोखर कोणी दिले होते ते. ते कोणालाच आठवत नसेल तर आठवल्याचे नाटक करू नका. ठराव पुन्हा मांडा. आम्हाला तेच करावे लागले, आणि त्या सभेला कोरम जमवायला दोन फेऱ्या झाल्या.

निमंत्रितांचा तक्ता सभेच्या क्रमांकाने प्रोसिडिंगला जोडून ठेवा. मानधन किंवा प्रवासखर्च दिला असेल तर व्हाउचरवर याच तक्त्याचा संदर्भ द्या. कोण किती वेळ आणि कशासाठी आले होते याचा तोच एक पुरावा असतो. मूळ तक्ता लेखापरीक्षकाच्या हाती देऊ नका, झेरॉक्स द्या. आमचा एक तक्ता असाच एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये गेला, तो अजून परत आलेला नाही.